रात्री दोनला घामाने जाग, मग पहाटेपर्यंत टक्क डोळे

प्रश्न: माझं वय ५२. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. रात्री दोन-अडीचला अंगातून वाफा निघाल्यासारखं होऊन जाग येते, गाऊन घामाने भिजतो, मग थंडी वाजते. त्यानंतर पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. झोप भरून काढायला हल्ली नऊ-साडेनऊलाच आडवी होते, तरी फरक नाही. झोपेची गोळी घेऊ का, की हार्मोनच घ्यावेत? घरचे म्हणतात, वयाप्रमाणे हे चालायचंच.

उत्तर:

ताई, तुमच्या लिहिण्यात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकच समजून उपाय केला, तर तो अर्धवट पडतो. पहिली तक्रार म्हणजे वाफ आणि घाम. तो सगळा प्रकार सहसा पाच मिनिटांच्या आत आटोपतो. दुसरी म्हणजे त्यानंतरचे दोन-तीन तास. वाफ केव्हाच ओसरलेली असते, अंग कोरडं झालेलं असतं, तरी झोप येत नाही. हे तास हार्मोनच्या कमतरतेने थेट येत नाहीत. काही महिने रोज त्याच वेळी झोपमोड झाली की मेंदू ती वेळ जागेपणाची म्हणून धरून ठेवतो, आणि आपण झोप भरून काढायला जे करतो त्याने ती सवय आणखी घट्ट होते. साडेनऊला आडवं होणं हे त्यातलंच एक.

आधी वाफेचं बघू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग शरीराचं तापमान सांभाळतो. एरवी तापमान किंचित वरखाली झालं तर तो दुर्लक्ष करतो. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर तिथल्या काही चेतापेशी जास्त उत्तेजित होतात आणि ही दुर्लक्ष करण्याची मुभा जवळजवळ संपते. मग तापमान अंशाच्या एखाद्या दशांशाने चढलं तरी शरीर खूप तापल्यासारखं वागतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, छातीपासून मानेकडे आणि चेहऱ्याकडे उष्णता चढते, हृदय धडधडतं, मानेच्या मागे, स्तनांखाली आणि पाठीवर घाम फुटतो. मुळात गरम नसलेलं शरीर अशा रीतीने थंड केलं गेल्यामुळे शेवटी हुडहुडी भरते. तुमची थंडी हा वेगळा आजार नाही, त्याच प्रसंगाचं शेपूट आहे.

वाफा किती वर्षं राहतात हे बायका हमखास विचारतात. अमेरिकेत अनेक वर्षं चाललेल्या एका मोठ्या पाहणीत, वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांमध्ये त्या ७.४ वर्षांहून जास्त काळ राहिल्या. काहींच्या वर्षा-दोन वर्षांत थांबतात, काहींच्या साठीनंतरही येतात. त्यामुळे ‘चालायचंच’ म्हणून सहन करत बसण्याचा सल्ला मी देत नाही. सात वर्षं अर्धवट झोपेवर काढणं फार होतं.

आता दुसरी तक्रार, कारण तुमच्या बाबतीत मोठा लाभ मला तिथे दिसतो. झोपेची ओढ भुकेसारखी असते. जितका वेळ जागे राहाल तितकी ती साचते आणि झोपलात की पहिल्या काही तासांत बरीचशी भागते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात उरकतो. तुम्ही साडेनऊला आडव्या झालात आणि सव्वादहाला डोळा लागला, तर अडीचपर्यंत चार तासांची झोप झालेली असते. तेवढ्यात वाफ येते. तरुणपणी ओढ शिल्लक असल्याने अशा वेळी आपण कूस बदलून झोपून जायचो. आता उरलेली ओढ थोडी, त्यात घामाने पूर्ण जाग आलेली, त्यात ‘आता उद्याचा दिवस गेला’ हा विचार. जितक्या लवकर आडव्या व्हाल तितकी ही मधली पोकळी वाढते. बहुतेक जणी नेमकं हेच करतात: लवकर झोपतात, सकाळी उशिरापर्यंत लोळतात, दुपारी तासभर पडतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ५४, पाळी जाऊन तीन वर्षं, नोकरी बसून करण्याची. मी त्यांना दोन आठवडे वहीत नोंदी करायला सांगितल्या. घड्याळ बघून नाही, सकाळी उठल्यावर अंदाजाने: आडव्या किती वाजता झालात, झोप साधारण कधी लागली, कितीदा जाग आली, एकूण किती वेळ जाग्या होतात, अंथरुण कधी सोडलं. चित्र असं निघालं. अंथरुणात साडेनऊला, झोप सव्वादहाला, वाफेने जाग सव्वादोनला, पुन्हा डोळा साडेचारला, जाग सहाला, उठणं साडेसहाला. अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच तास, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. निरोगी झोपेत हा आकडा ८५ च्या पुढे असतो. रात्रीत वाफा साधारण चार येत होत्या, पण लांब जागरण एकाच वाफेनंतर होत होतं. ही नोंद महत्त्वाची. उरलेल्या तीन वाफांनंतर त्या झोपून जात होत्या, म्हणजे वाफ आली की झोप गेलीच, असं नव्हतं.

मग अंथरुणातला वेळ झोपेच्या मापाचा केला. सरासरी साडेपाच तास, त्यात अर्धा तास मिळवून सहा. उठायची वेळ सहा ठरवली आणि ती सुट्टीच्या दिवशीही बदलायची नाही, म्हणजे झोपायची वेळ रात्री बारा. दुपारी आडवं व्हायचं नाही. हे ऐकून त्यांचा चेहरा पडला, सगळ्यांचाच पडतो. झोप नाही म्हणून आले आणि डॉक्टर आणखी जागं राहायला सांगतायत! पण हाच यातला मुख्य उपाय आहे. अनिद्रेसाठीच्या वर्तन-उपचाराचा तो गाभा आहे आणि जुनाट अनिद्रेवर हा उपचार गोळ्यांच्या आधी सुचवला जातो. वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्येही त्याची चाचणी झाली आहे. वाफांची संख्या त्याने फारशी बदलली नाही, झोप मात्र स्पष्ट सुधारली आणि वाफांचा जाच कमी वाटू लागला.

पहिला आठवडा वाईट गेला. संध्याकाळी सातला सोफ्यावर मान कलायची, चिडचिड व्हायची. ते अपेक्षितच असतं, ओढ साचते आहे याची ती खूण आहे. दुसऱ्या आठवड्याअखेर सहा तासांपैकी पाच तास वीस मिनिटं झोप होऊ लागली, म्हणजे ८९ टक्के. मग झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणली, पावणेबारा. नियम सोपा आहे. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पंधरा मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ असेल तर आहे तिथेच थांबायचं, ८० च्या खाली गेली तर पंधरा मिनिटं कापायची. सहा तासांच्या खाली मात्र मी घरच्या घरी कुणाला उतरू देत नाही. त्यांचा चौथा आठवडा वाफा वाढल्यामुळे अडला, तेव्हा वेळ तीच ठेवली. सहाव्या आठवड्यानंतर त्या अकरा ते सहा अशा स्थिरावल्या. वाफा अजूनही तीन-चार येतच होत्या. सव्वादोनचं जागरण सव्वादोन तासांवरून पंधरा-वीस मिनिटांवर आलं होतं.

हे कुणी स्वतःच्या मनाने करू नये, तेही सांगते: फेफरं येणाऱ्या, उन्माद-अवसादाचा आजार असलेल्या, झोपेत चालणाऱ्या, लांबचं वाहन किंवा धोकादायक यंत्र चालवणाऱ्या, आणि तोल जाऊन पडण्याची भीती असलेल्या स्त्रिया. त्यांच्यासाठी हाच उपचार सौम्य रीतीने, डॉक्टरांच्या देखरेखीत करता येतो.

वाफ आली त्या पाच मिनिटांत काय करायचं? ध्येय एकच ठेवा, पूर्ण जाग येऊ द्यायची नाही. एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ ठेवा म्हणजे डोळे न उघडता एक बाजूला सारता येतं. पाठीखाली मोठा सुती टॉवेल पसरून ठेवा आणि कोरडा गाऊन उशाशी, हाताला लागेल असा. उष्णता चढायला लागली की पांघरूण काढा, पंख्याची हवा घ्या. घाम थांबताच, हुडहुडी भरायच्या आत, ओला गाऊन बदला, टॉवेल ओढून खाली टाका आणि पुन्हा आडव्या व्हा. वेळ चुकते ती इथे. ओल्या कपड्यात तसंच पडून राहिलं की दहा मिनिटांनी थंडीने खरी जाग येते, मग दिवा लागतो, मग घड्याळ दिसतं. गार पाण्याने अंघोळ करू नका, त्याने मेंदू टक्क जागा होतो. खोली १८ ते २० अंशांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम, नाही तर निदान वारा खेळता ठेवा. या थंडाव्याच्या उपायांनी वाफांची संख्या घटते असा पक्का पुरावा नाही, म्हणून त्यांच्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. जाग लांबू न देणं एवढंच त्यांचं काम.

गाऊन बदलून पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा. अंदाजे म्हणजे अंदाजेच, घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. खुर्चीत मंद उजेडात बसा, काहीतरी रटाळ वाचा किंवा साधं विणकाम करा, आणि पापण्या जड झाल्या की परत जा. मोबाईल नको, कारण प्रकाशापेक्षाही त्यावरचे निरोप मन जागं करतात. अंथरुणात तळमळत पडण्याचे तास कमी झाले की अंथरुण आणि जागरण यांची मेंदूत बसलेली जोडी सुटते.

संध्याकाळचं थोडक्यात सांगते. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद. मद्याने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर तुटते, आणि अनेकींच्या वाफाही वाढतात.

आता तुमचा थेट प्रश्न, गोळी की हार्मोन. वाफांवर इस्ट्रोजेनइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. वाफांची संख्या सरासरी तीन चतुर्थांशाने घटते. वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केलं आणि आड येणारा आजार नसेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांमध्ये लाभाचं पारडं जड राहतं. तुम्ही त्या काळात बसता. मात्र स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर हा मार्ग सरळ खुला नाही. त्यातला रक्तस्राव, अगदी एक डाग असला तरी, आधी तपासायचा असतो.

गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, त्याने गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं. इथे झोपेच्या दृष्टीने एक सोय आहे: तोंडाने घ्यायचं मायक्रोनाइझ्ड प्रोजेस्टेरॉन गुंगी आणतं, म्हणून ते रात्री झोपताना देतात. इस्ट्रोजेन मी शक्यतो त्वचेवरून, पॅच किंवा जेलने, देते. त्यात गोळीच्या मानाने गुठळीचा धोका कमी राहतो. वर सांगितलेल्या बाईंना सहा आठवड्यांनंतर त्यांच्या इच्छेने जेल आणि रात्री १०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन सुरू केलं. फरक दोन-चार आठवड्यांत जाणवू लागतो, पण पूर्ण परिणाम पाहायला तीन महिने द्यावे लागतात. पंधरा दिवसांत ‘लागू पडलं नाही’ म्हणून सोडणाऱ्या पुष्कळ भेटतात. दोन्ही हार्मोन मिळून काही वर्षं घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, म्हणून दरवर्षी बसून पुन्हा ठरवायचं आणि स्तनांची तपासणी चुकवायची नाही.

हार्मोन चालत नसतील तरी हात रिकामे नाहीत. त्रास मुख्यतः रात्रीचाच असेल तर गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम झोपताना उपयोगी पडतं. सकाळी गरगरू शकतं, म्हणून पहिले काही दिवस अंथरुणातून हळू उठायचं. दिवसाही वाफा असतील तर व्हेन्लाफॅक्सिनसारखी अवसादावरची औषधं कमी मात्रेत चालतात. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या स्त्रीला मात्र याच प्रकारचं पॅरोक्सेटिन देत नाहीत, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम घटवतं. हायपोथॅलॅमसमधल्या त्याच उत्तेजित पेशींवर काम करणारं फेझोलिनेटंट हे हार्मोन नसलेलं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यासोबत यकृताच्या रक्तचाचण्या कराव्या लागतात. सोया किंवा ब्लॅक कोहोशच्या गोळ्यांबद्दल विचारणार असाल तर, वाफांच्या चाचण्यांमध्ये औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्याही वाफा बऱ्यापैकी घटतात. त्याहून निश्चित जास्त फरक या गोळ्यांनी सातत्याने दाखवलेला नाही.

झोपेची गोळी मी तुम्हाला सुरू करणार नाही. वाफेवर तिचा काही परिणाम नाही, काही आठवड्यांत ती अंगवळणी पडते, आणि रात्री उठताना तोल जातो. हाडं विरळ होण्याच्या वयात असं पडणं महागात पडतं. दुकानात सहज मिळणारी सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळीही नको. दुसऱ्या दिवशी डोकं जड राहतं, तोंड कोरडं पडतं आणि रोज घेतली तर वाढत्या वयात विसराळूपणा वाढतो. आधीपासून रोज झोपेची गोळी घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या.

आणखी एक गोष्ट आधी पडताळा, कारण ती फार वेळा निसटते. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडण्याचा आजार, स्लीप ॲप्निया, स्त्रियांमध्ये वाढतो. घोरणारा जाडजूड पुरुष हे त्याचं चित्र डोक्यात पक्कं बसल्यामुळे बाईच्या बाबतीत कुणाला संशय येत नाही. स्त्रिया बऱ्याचदा घोरण्याऐवजी तुटणारी झोप, दिवसभराचा थकवा, सकाळची डोकेदुखी, कोरडं तोंड आणि रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं अशा तक्रारी घेऊन येतात. रात्रीचा घामही त्यात येतो. माझा ढोबळ निकष असा: दिवसाही वाफा येत असतील तर रात्रीचा घाम बहुधा पाळी जाण्याचाच. दिवसा एकही वाफ नाही, फक्त रात्री घाम, आणि पुरेसे तास झोपूनही दुपारी पेंगायला होतं, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. ॲप्निया असताना झोपेची गोळी घेणं धोक्याचं, आणि वर सांगितलेलं झोपेचे तास कापण्याचं तंत्रही तोवर थांबवायचं.

घामासोबत ताप, विनाकारण वजन घटणं, मानेत किंवा काखेत गाठ, हटवादी खोकला असेल तर क्षयरोग आणि लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग आधी नाकारावे लागतात. वजन उतरतंय आणि हात थरथरतात, तर थायरॉइड. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर बरीच उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर घामाने जाग आल्यावर एकदा साखर मोजा, ती खाली गेलेली असू शकते. अवसादावरच्या काही औषधांनीही घाम येतो. आणि आडवं झाल्यावर पायांत कसंसंच होऊन ते हलवल्याशिवाय चैन पडत नसेल, तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासा. ते ७५ च्या खाली असेल तर लोह दिल्याने पाय शांत होऊ शकतात, हिमोग्लोबिन ठीक असलं तरीही.

तुम्ही आजपासून असं करा. दोन आठवडे वही लिहा आणि त्यात दिवसाच्या व रात्रीच्या वाफा वेगळ्या मोजा. याच दोन आठवड्यांत साडेनऊला आडवं होणं बंद करा, उठायची वेळ पक्की करा आणि दुपारची झोप सोडा. तास कापायला मात्र नोंदी हातात आल्यावरच सुरुवात करायची. डॉक्टरांकडे जाताना वही, चालू औषधांची यादी आणि रक्तदाबाची अलीकडची नोंद न्या. आई-बहिणींमध्ये कुणाला स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला होता का, हे आधीच विचारून ठेवा. हार्मोन द्यायचे की नाही या चर्चेत पहिले प्रश्न हेच येतात.